अडीच की पंचवीस?

जर्मनीत लहान मुलांच्या तापासाठी आयबुप्रोफेनचं पातळ औषध दोन ताकदींत मिळतं. एका खोक्यावर २ टक्के छापलेलं असतं, दुसऱ्यावर ४ टक्के. औषध तेच, काम तेच, चवही अनेकदा तीच. पण पहिल्या बाटलीतल्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं आणि दुसऱ्या बाटलीतल्या एका मिलिलिटरमध्ये ४०. खोक्यावरचा हा आकडा न बघता, ‘मागच्या खेपेला पाच मिलि दिलं होतं’ एवढ्या आठवणीवर कुणी औषध पाजलं, तर मुलाच्या पोटात दुप्पट औषध जाऊ शकतं.

पुण्याहून म्युनिक किंवा श्टुटगार्टला नोकरीसाठी गेलेल्या मुलामुलींकडे आजी-आजोबांनी दोन-तीन महिने राहून येणं आता नवलाचं राहिलेलं नाही. अशा घरात कधीतरी हा प्रसंग येतोच. आई-वडील कामावर, नातू तापानं फणफणलेला, कपाटात औषधाची बाटली आणि खोक्यात घडी घातलेला कागद. तो संपूर्ण जर्मनमध्ये. औषधासोबतचं माहितीपत्रक ज्या देशात औषध विकलं जातं त्या देशाच्या भाषेत हवं, असा युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशातला नियम आहे. तिथल्या रुग्णाच्या दृष्टीनं तो फार चांगला आहे, पण त्यामुळे जर्मन खोक्यात इंग्रजी कागद सापडेल या आशेला जागा उरत नाही. मग त्या कागदाचा फोटो निघतो आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाहीतर मॅक्सम्यूलर भवनात जर्मन शिकलेल्या एखाद्या भाचीच्या फोनवर येऊन पडतो. खाली एकच ओळ असते: ‘एवढं सांग गं, याला किती द्यायचं?’

प्रश्न साधा वाटतो. भाचीचं जर्मनही उत्तम असेल. तरी या उत्तरात भाषेइतकंच काम आकड्यांचं आहे, आणि आकड्यांना चिकटलेल्या दोन-चार अक्षरांचं तर त्याहून जास्त.

समजा, नातू दोन वर्षांचा आहे, वजन १२ किलो. आत्याबाईंनी पाठवलेल्या फोटोत एक तक्ता आहे. त्यात तीन रकाने दिसतात. पहिल्यात मुलाचं वजन आणि कंसात वय. दुसऱ्याचं शीर्षक ‘आइन्त्सेलडोझिस’, म्हणजे एका वेळची मात्रा. तिसऱ्याचं ‘माक्सिमाले टागेसडोझिस’, म्हणजे चोवीस तासांतली जास्तीत जास्त मात्रा. ४ टक्क्यांच्या औषधाच्या तक्त्यात १० ते १५ किलोच्या ओळीत दुसऱ्या रकान्यात 2,5 ml आणि त्यापुढे 100 mg असं छापलेलं असतं. तिसऱ्या रकान्यात 7,5 ml आणि 300 mg.

आता या एका ओळीत चुकायच्या जागा बघू.

पहिली जागा त्या स्वल्पविरामाची. जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश अशा युरोपातल्या बहुतेक भाषांत दशांशासाठी टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. आपण जिथे 2.5 लिहितो तिथे ते 2,5 लिहितात. उलट हजार लिहिताना ते मध्ये टिंब देतात, म्हणजे जर्मन कागदावरचं 1.000 हे एक नसून एक हजार असतं. कागद पातळ, छपाई बारीक, त्यात घडी नेमकी तक्त्यावरून गेलेली. अशा वेळी तो स्वल्पविराम फोटोत उतरतच नाही आणि समोर 25 ml उरतं. फोनमधलं फोटो वाचून भाषांतर करणारं ॲपसुद्धा इथेच फसतं, कारण त्याला घडीची रेघ आणि स्वल्पविराम यांतला फरक माणसापेक्षा जास्त कळतो असं नाही.

पण पंचवीस मिलिलिटरची चूक बहुधा पकडली जाते. शंभर मिलिच्या बाटलीतलं पाव औषध एका वेळी पाजायचं, हे ऐकून कुठलीही आजी थबकेल. तिच्या हयातीतल्या सगळ्या तापांचा अनुभव तिला सांगेल, की हे काहीतरी भलतंच आहे.

खरी भीती दुसऱ्या जागेची आहे. फोटोत तक्त्याचं डोकं कापलं गेलं, रकान्यांची शीर्षकं गेली, आणि भाचीनं किंवा ॲपनं 7,5 हा आकडा एका वेळची मात्रा म्हणून वाचला, तर कुणालाच शंका येत नाही. साडेसात मिलिलिटर ऐकायला अगदी पटण्याजोगं आहे. आपल्याकडच्या औषधाच्या झाकणावर तशी खूणसुद्धा असते. पण ४ टक्क्यांच्या औषधाचे साडेसात मिलिलिटर म्हणजे ३०० मिलिग्रॅम, त्या मुलासाठी पूर्ण दिवसाची सर्वांत वरची मर्यादा. ती एका दमात दिली जाईल आणि सहा तासांनी पुन्हा. असे तीन डोस झाले तर चोवीस तासांत ९०० मिलिग्रॅम पोटात जातील.

पाच मिलिलिटरचंही तसंच. आपल्याकडे मुलांच्या आयबुप्रोफेनची नेहमीची ताकद पाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम अशी आहे. म्हणजे जर्मन हिशेबानं २ टक्के. पुण्यातल्या मेडिकलमधून आणलेल्या बाटलीतून पाच मिलि द्यायची सवय झालेला हात ४ टक्क्यांच्या बाटलीतूनही पाचच काढेल, आणि वाक्याचं भाषांतर शंभर टक्के बरोबर असूनही मूल दुप्पट औषध पिईल. म्हणूनच जाणती भाची उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारते.

“आत्या, कागद राहू दे. बाटलीच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठव आधी. आणि त्याचं वजन किती?”

“वजन कशाला? दोन वर्षांचा आहे की!”

“दोन वर्षांचं पोर दहा किलोचं असतं आणि पंधराचंही. मागच्या महिन्यात डॉक्टरकडे केलं असेल ना? तो आकडा सांग.”

मुलांच्या तापाच्या औषधाची मात्रा मुळात वजनावर ठरते. तक्त्यातलं वय हे वजन माहीत नसलेल्यांसाठी दिलेला अंदाज आहे. आणि वजन हातात आलं की भाचीकडे भाषांतर तपासायचं एक साधन येतं, जे तिला कुठलाही शब्दकोश देणार नाही. कागदाच्या त्याच भागात तक्त्याच्या आसपास एक वाक्य असतं: एका वेळी शरीराच्या दर किलोमागे ७ ते १० मिलिग्रॅम, आणि दिवसभरात दर किलोमागे जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम. या वाक्यावर तक्ता घासून बघायचा.

४ टक्के म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०. अडीच मिलिलिटरमध्ये ४० गुणिले अडीच, म्हणजे १००. छापलेला 100 mg जुळला. १०० ला १२ किलोनं भागलं तर दर किलोमागे ८.३. सात आणि दहाच्या मध्ये बसलं. दिवसाचे ३०० मिलिग्रॅम भागिले १२, म्हणजे २५. तिसाच्या आत. आता हेच पंचवीस मिलिलिटर धरून करून बघा. १००० मिलिग्रॅम, दर किलोमागे ८३. साडेसात मिलिलिटर एका वेळचे धरा, दर किलोमागे २५. पाच धरा, १६.७. तिन्ही आकडे मर्यादेबाहेर पडले, आणि त्यातल्या दोन चुका कानाला अजिबात खटकल्या नव्हत्या.

हिशेब दोन मिनिटांचा आहे. कागदावर मिलिलिटर आणि मिलिग्रॅम शेजारी शेजारी छापतात याचं मोल इथे कळतं. एकच गोष्ट दोन आकड्यांत सांगितलेली असली की एक आकडा दुसऱ्याची साक्ष देतो. भाषांतरात अनेक जण मिलिलिटर तेवढे ठेवतात आणि ‘बाकीचं कशाला’ म्हणून मिलिग्रॅम गाळतात. तसं केलं की पुढच्या माणसाच्या हातून ती साक्ष निघून जाते.

आता वाक्यांकडे. तक्त्याच्या खाली एकदोन ओळी असतात, त्यांतला ‘बिस त्सू’ हा शब्द फसवतो. ‘बिस त्सू ड्राय माल टेग्लिश’ याचं घाईतलं भाषांतर ‘दिवसातून तीन वेळा’ असं होतं. कागद मात्र ‘दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा’ असं म्हणत असतो. अँटिबायोटिक असतं तर वेळा पाळायलाच हव्यात. तापाचं औषध ताप असला तर द्यायचं, उतरला तर थांबायचं. ‘जास्तीत जास्त’ गेलं की झोपलेल्या, ताप उतरलेल्या मुलाला उठवून औषध पाजलं जातं. पुढची ओळ दोन मात्रांमध्ये किमान सहा तास ठेवायला सांगते. ‘दिवसातून तीन वेळा’ ऐकून सकाळ-दुपार-संध्याकाळ असं वाटणारं घर ८ वाजता, १२ वाजता आणि ४ वाजता औषध देऊन मोकळं होतं. तासांचा आकडा वेगळा लिहिला तरच हे टळतं.

पत्रकात हव्या त्या जागा शोधायला जर्मन येण्याचीही फार गरज नसते. युरोपातल्या सगळ्या औषधांच्या पत्रकाचे सहा भाग ठरलेले आहेत, भाषा कुठलीही असो. तिसरा भाग औषध कसं घ्यायचं याचा. सहाव्या भागात औषधात काय काय आहे, म्हणजे ताकद असते. दुसऱ्या भागात हे औषध कुणी घेऊ नये ते. फिनलंडच्या पत्रकात फिनिश, पोर्तुगालच्या पत्रकात पोर्तुगीज असलं तरी आकडा ३ शोधला की मात्रेपाशी पोचता येतं. फोटो मागवणाऱ्यानं म्हणून ‘सगळा कागद पाठव’ म्हणण्यापेक्षा ‘तीन आकड्याच्या मथळ्यापासून चार आकड्याच्या मथळ्यापर्यंत, आणि सहाचा पहिला परिच्छेद’ असं सांगितलेलं बरं. कागद दोन्ही बाजूंना छापलेला असतो, तिसरा भाग अनेकदा पान उलटून पुढे जातो, आणि अर्ध्याच भागाच्या फोटोत ‘सहा महिन्यांखालच्या मुलांना देऊ नये’ ही ओळ राहून गेलेली असते.

फोटो काढण्याचाही एक रिवाज आहे. हा कागद इतका पातळ असतो की पलीकडची अक्षरं आरपार दिसतात आणि अलीकडच्या ओळींत मिसळतात. खाली काळा किंवा गडद रंगाचा कागद ठेवला की पलीकडची छपाई बरीचशी विझते. घडी हातानं सपाट करायची, फोन अगदी वरून धरायचा, फ्लॅश बंद ठेवून खिडकीचा उजेड बाजूनं घ्यायचा. तक्त्याचा फोटो शीर्षकांच्या ओळीसकट. आणि व्हॉट्सॲपवर तो फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा, म्हणजे आकार लहान करताना बारीक अक्षरं पुसट होत नाहीत. एवढं करूनही एखादा आकडा दिसत नसेल, तर त्याजागी अंदाज भरायचा नाही. ‘इथला आकडा वाचता येत नाही, पुन्हा फोटो काढ’ हे त्या क्षणाचं योग्य भाषांतर आहे.

तापाच्या औषधात मिलि आणि मिलि यांच्यातच गोंधळ होतो. मोठ्यांच्या औषधांत त्याहून एक चोरटं चिन्ह असतं: µg. मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅमचा हजारावा भाग. थायरॉइडच्या गोळ्या अशाच असतात, पंचवीस, पन्नास, शंभर मायक्रोग्रॅमच्या. ते पहिलं चिन्ह म्हणजे ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर. बारीक छपाईत किंवा हस्ताक्षरात ते सहज एम किंवा यू वाटतं, आणि मायक्रोचं मिली होतं. अमेरिकेतल्या औषधसुरक्षेवर काम करणाऱ्या संस्था ते चिन्ह टाळून त्याजागी mcg लिहायला सांगतात. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या वापरातला अधिकृत औषधसंग्रह त्याही पुढे जाऊन मायक्रोग्रॅम हा शब्द कधी आखडूच नका असं बजावतो.

मराठीत तर हा शब्द आखडायला आणखी मोठा धोका आहे. मिलिग्रॅमचं ‘मि.ग्रॅ.’ आणि मायक्रोग्रॅमचं ‘मा.ग्रॅ.’ केलं तर हजारपटींचा फरक एका वेलांटीवर लटकतो. हातानं लिहिलेल्या, झेरॉक्स काढलेल्या, फोनवरून पुन्हा फोटो घेतलेल्या कागदावर ती वेलांटी टिकेल याची कुणी खात्री देऊ नये. मात्रेच्या मराठी भाषांतरात मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम, मिलिलिटर हे शब्द पूर्ण लिहावेत. दोन सेकंद जास्त लागतात, कागदावर जागा जास्त जाते, आणि तरी तेच करावं.

त्यापुढचं एकक म्हणजे आंतरराष्ट्रीय युनिट. इंग्रजी खोक्यावर ते आययू असतं, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये यूआय, जर्मनमध्ये आय.ई. या दोन अक्षरांच्या मध्ये टिंबं देऊन I.E. छापलेलं असलं, की इंग्रजी वाचायची सवय असलेल्या डोळ्याला ते ‘म्हणजेच’ या अर्थाचं वाटतं आणि एकक वाक्यातून नाहीसं होतं. उरतो नुसता आकडा, ज्याला माणूस मग अंदाजानं मिलिग्रॅम जोडतो. या युनिटचं मिलिग्रॅममध्ये रूपांतर करायला एकच एक सूत्र नाही, प्रत्येक औषधाचं वेगळं आहे. ड जीवनसत्त्वाचे ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. आपल्याकडे डॉक्टर ६०,००० युनिटची जी पुडी किंवा कॅप्सूल देतात ती दीड मिलिग्रॅमची झाली. जर्मन दुकानातल्या १००० युनिटच्या गोळीत २५ मायक्रोग्रॅम असतात. एक बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची, दुसरी रोज. भाषांतरात म्हणून युनिट युनिटच ठेवावेत. हिशेब करून मिलिग्रॅम लिहिणं ही मदत वाटते, पण त्यामुळे वाचणाऱ्याला खोक्यावरचा आकडा आणि हातातला आकडा जुळवता येत नाही.

इन्सुलिनच्या बाबतीत हे एकक आणखी जपावं लागतं. हातानं लिहिताना युनिटसाठी नुसतं यू लिहिलं, तर चार आकड्यापुढचं यू शून्यासारखं दिसून 4U चे चाळीस झाल्याचे प्रकार इतके घडले, की अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये काढलेल्या ‘वापरू नका’ यादीत हे अक्षर घातलं. त्याच यादीत 1.0 असं आकड्यामागचं फुकटचं शून्य आहे, कारण टिंब पुसट झालं की एकाचे दहा होतात. आणि .5 असं शून्याविना उघडं टिंबही आहे, कारण तिथे अर्ध्याचे पाच होतात. या यादीत औषधाच्या वेळांची एक जुनी लॅटिन आद्याक्षरंही आहेत, QD, म्हणजे दिवसातून एकदा. मध्ये एक टिंब किंवा शेपूट लांबली की ते QID दिसतं, म्हणजे दिवसातून चार वेळा.

आपल्याकडच्या चिठ्ठ्यांत ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस ही अक्षरं येतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत तीच अक्षरं ‘उजवा डोळा’ असा अर्थ धरून येऊ शकतात. एचएस म्हणजे झोपताना. एसओएस बघून अनेकांना वाटतं की प्राणावर बेतलं तरच घ्यायची गोळी. डॉक्टरांनी लिहिलेलं असतं ‘गरज वाटली तर’. भारतातली चिठ्ठी घेऊन परदेशात गेलेल्या माणसाला तिथल्या फार्मासिस्टला हे समजवावं लागतं, कारण ‘गरजेप्रमाणे’साठी अमेरिकेत पीआरएन लिहितात आणि जर्मनीत ‘बाय बेडार्फ’. 1-0-1 मात्र दोन्हीकडे चालतं. फक्त जर्मन औषधयादीत चार जागा असतात: सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्री झोपताना. 1-0-1-0 मधला तिसरा आकडा संध्याकाळचा आहे. आपल्या तीन जागांच्या सवयीनं तो ‘रात्रीचा’ म्हणून वाचला जातो, आणि जेवणाआधी घ्यायची गोळी झोपताना जाते.

यंत्रानं केलेल्या भाषांतरात या वेळाच सर्वांत आधी ढासळतात, हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात तपासून झालं आहे. तिथल्या औषधदुकानांत स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी संगणकावरून काढलेल्या लेबलांचा अभ्यास २०१० मध्ये बालरोगाच्या ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या लेबलांत चुका निघाल्या. अनेक ठिकाणी वाक्य अर्धं स्पॅनिश, अर्धं इंग्रजी राहिलं होतं. ‘एकदा’ या अर्थाचा इंग्रजी ‘वन्स’ तसाच सोडला तर स्पॅनिश वाचकाला तीच अक्षरं ‘अकरा’ अशी दिसतात. रोज एकदा घ्यायचं औषध तो अकरा वेळा घेऊ शकतो, आणि लेबल त्याच्याच भाषेतलं असल्यानं त्याला शंका यायचं कारणही नसतं.

वेळेचा एक शब्द गाळला तर काय होतं याचं सर्वांत क्रूर उदाहरण मेथोट्रेक्सेटचं आहे. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली की आधी तोंड येतं, मग रक्त तयार करणारा अस्थिमज्जा मार खातो, आणि माणूस दगावतो. असे मृत्यू पुन्हा पुन्हा झाल्यामुळे युरोपीय औषध संस्थेनं २०१९ मध्ये खोक्यावरच ‘आठवड्यातून एकदा’ ठळक दिसेल असा इशारा आणि वार लिहायची सोय असावी अशा सूचना दिल्या. भाषांतर करणाऱ्यानं इथे ‘आठवड्यातून एकदा’ लिहून थांबू नये. ‘दर सोमवारी, इतर कुठल्याही दिवशी नाही’ असं लिहावं, अर्थात वार डॉक्टरांना विचारून. मराठीत ‘दिवसाआड’ हाही चांगला नेमका शब्द आहे, पण फोनवर तो ‘दिवसाला’ ऐकू येतो. लिहिताना पुढे दोन तारखा टाकल्या की प्रश्न मिटतो.

मराठीकडे मात्रेसाठी एक मोठी ठेव आहे, ती म्हणजे दीड, अडीच, साडेसात, सव्वा. जर्मनमध्ये बोलताना ‘दोन स्वल्पविराम पाच’ म्हणतात. त्यातला मधला शब्द गेला की पंचवीसाची वाट मोकळी होते. ‘अडीच’ला पुसट व्हायला टिंबच नाही. त्यामुळे आकड्यासोबत शब्द लिहायचाच, आणि फोनवर सांगताना तर शब्दच सांगायचा. उलट ‘चमचा’ हा आपला लाडका शब्द टाळायचा. जर्मन पत्रकात चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर आणि जेवणाचा म्हणजे १५ धरतात. आपल्या स्वयंपाकघरात दोन्हींना चमचाच म्हणतात आणि घरोघरी त्याचं माप निराळं. खोक्यात सिरिंज किंवा मापाचा चमचा असतोच, त्याचंच माप वापरायला सांगावं.

सगळं मिळून भाचीचं उत्तर असं जावं: ‘आयबुप्रोफेन, ४ टक्के, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 40 मिलिग्रॅम. बाटली चांगली हलवून. 12 किलो वजनाला एका वेळी 2.5 (अडीच) मिलिलिटर, म्हणजे 100 (शंभर) मिलिग्रॅम, खोक्यातल्या सिरिंजनं. पुन्हा द्यायचं तर कमीत कमी 6 (सहा) तासांनी, ताप असेल तरच. चोवीस तासांत जास्तीत जास्त 3 (तीन) वेळा. तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टर. कागदावर एवढं लिहिलंय. दमा, उलट्या-जुलाब किंवा दुसरं औषध चालू असेल तर देण्याआधी तिथल्या फार्मासिस्टला विचार.’ जर्मनीत रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही त्या भागातलं एखादं औषधदुकान पाळीनं उघडं असतं, आणि तिथला फार्मासिस्ट मिलिलिटरचा आकडा खोक्यावर लिहून देतो.

या उत्तरात मात्रेचे आकडे इंग्रजी वळणाचे आहेत, आणि ते मुद्दाम तसे ठेवावेत. मराठी १ हा मराठी न येणाऱ्या डोळ्याला 9 दिसतो. मराठी ४ हा 8 दिसतो. घरातल्या घरात चिठ्ठी फिरेपर्यंत काही बिघडत नाही. पण तीच चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलेली असते, मुलाला पाळणाघरात सोडताना दप्तरात जाते, किंवा आजोबांच्या गोळ्यांची यादी म्हणून रुग्णालयातल्या नर्सच्या हातात पडते. ‘सकाळी १ गोळी, ४ आठवडे’ हे तिथे नऊ गोळ्या, आठ आठवडे असं वाचलं जाऊ शकतं. म्हणून पुण्याहून निघतानाच आजोबांच्या गोळ्यांची यादी दोनदा लिहून घ्यावी: एक त्यांच्यासाठी मराठीत, आणि एक परक्या डॉक्टरसाठी इंग्रजीत. दोन्हींवर आकडे एकाच वळणाचे, औषधाचं कंपनीचं नाव आणि त्याखाली मूळ घटकाचं नाव. भारतातलं कंपनीचं नाव जर्मन डॉक्टरला बहुधा माहीत नसतं. लेव्होथायरॉक्सिन म्हटलं की लगेच कळतं, आणि शेजारी ‘50 मायक्रोग्रॅम, रोज 1, सकाळी उपाशीपोटी’ असेल तर त्याला दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही.